आर्किमिडीज यांचा जन्म कुठे झाला?

इयत्ता आठवी, विषय सामान्य विज्ञान, घटक ‘बल व दाब’, गुण २०, वेळ ४० मिनिटे. पुढे दिलेली प्रश्नपत्रिका कोणत्याही एका शाळेची नाही, या लेखासाठी जुळवलेली आहे. पण ज्यांनी चार शाळांचे घटक चाचणीचे पेपर चाळले आहेत, त्यांना हिच्यातला एकही प्रश्न परका वाटणार नाही.

प्र. १. रिकाम्या जागा भरा. (५ गुण)
(१) ______ यांनी ______ चे ______ शोधून काढले.
(२) आर्किमिडीज यांचा जन्म ______ येथे झाला.
(३) दाब ______ असतो.
(४) दाबाचे एकक ______ आहे.
(५) चुंबकीय बल हे ______ बल आहे.

प्र. २. योग्य पर्याय निवडा. (३ गुण) तीनपैकी एक प्रश्न असा: स्थिर वस्तू स्थिर राहण्याची जी प्रवृत्ती दाखवते ते तिचे ______ होय. (अ) घनता (ब) दाब (क) जडत्व (ड) ऊर्जा.

प्र. ३. कोणताही एक प्रश्न सोडवा. (४ गुण) (१) दाबाविषयी माहिती लिहा. (२) टीप लिहा: आर्किमिडीज.

प्र. ४. व्याख्या लिहा. (४ गुण) बल, दाब, जडत्व, घनता.

प्र. ५. उदाहरण सोडवा. (४ गुण) एका लाकडी ठोकळ्याचे वस्तुमान ४.२ किलो असून त्याची लांबी ३७ सेमी, रुंदी १८ सेमी व उंची ११ सेमी आहे. ठोकळा टेबलावर ठेवला असता टेबलावर पडणारा दाब काढा.

वरवर पाहता पेपर नेटका आहे. प्रश्नांचे प्रकार आहेत, गुणांची बेरीज जुळते, सगळे काही पाठ्यपुस्तकाला धरून आहे. मुख्याध्यापक सही करतील आणि पेपर छपाईला जाईल. तो पेपर वर्गात गेल्यावर गुणतक्त्यात जे आकडे उमटतील, त्यांचा अर्थ काय लावायचा, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

त्या पेपराला दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली, तो जे मोजायचे ठरले होते तेच मोजतो का? दुसरी, तो जे काही मोजतो ते दर वेळी सारखेच मोजतो का? शिक्षणशास्त्रात पहिल्या गुणाला सप्रमाणता म्हणतात (काही पुस्तकांत वैधता), दुसऱ्याला विश्वसनीयता. बी.एड. करणारा प्रत्येक जण हे दोन शब्द पाठ करतो. गंमत अशी, की त्या शब्दांवरचा प्रश्नही बहुधा ‘व्याख्या लिहा’ असाच येतो.

आधी सप्रमाणता पाहू. समजा हा पाठ शिकवायला दहा तासिका लागल्या. चार दाबावर गेल्या, तीन प्लावक बल आणि आर्किमिडीजच्या तत्त्वावर, दोन बलाचे प्रकार व संतुलित-असंतुलित बलांवर आणि एक जडत्वावर. वीस गुण या हिशेबाने वाटले तर दाबाला आठ, प्लावक बलाला सहा, बलाच्या प्रकारांना चार आणि जडत्वाला दोन येतात. आता पेपर हातात घेऊन मोजा. वस्तू पाण्यात हलकी का वाटते, लोखंडाचे जहाज तरंगते आणि खिळा का बुडतो, यासाठी तीन तासिका खर्च झाल्या. त्या सगळ्याच्या वाट्याला आला एक गुण, तोही तत्त्व कोणी शोधले एवढ्यापुरता. घनतेची व्याख्या उदारपणे धरली तर दोन. उलट आर्किमिडीज यांचे जन्मगाव या पाठाच्या उद्दिष्टांत कुठेच नव्हते, तरी त्याला एक हक्काचा गुण मिळाला. (उत्तर सिराक्यूज. ते येणाऱ्या मुलाला इतिहासाच्या पेपरात गुण द्यावा, हरकत नाही.)

ही गडबड टाळण्यासाठी पेपर काढण्याआधी जो तक्ता करायचा असतो त्याला संविधान तक्ता म्हणतात. आडव्या ओळींत उपघटक, उभ्या रकान्यांत उद्दिष्टे: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. प्रत्येक चौकटीत किती गुण पडायला हवेत ते आधी ठरवायचे आणि मग प्रश्न लिहायला बसायचे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे उलटे चालते. आधी प्रश्न निघतात, बहुधा स्वाध्यायातून आणि गाइडमधून, आणि फाइलला जोडायचा तक्ता मागाहून त्यांच्यावर बसवला जातो. तसा तक्ता नेहमीच जुळतो, कारण तो जुळवलेलाच असतो.

आपल्या पेपराचा तक्ता प्रामाणिकपणे भरला तर दिसते, की पाचवा प्रश्न सोडला तर बाकीचे सोळाच्या सोळा गुण जसेच्या तसे आठवून लिहिण्याचे आहेत. ‘दाबाविषयी माहिती लिहा’ हा प्रश्न आकलनाचा वाटतो खरा, पण मुलांना नेमके ठाऊक असते की त्याचे उत्तर म्हणजे पाठातला परिच्छेद. पाठांतर चांगले असलेली, पण दाब आणि बल यांतला फरक न कळलेली मुलगी या पेपरात सहज पंधरा गुण मिळवेल: रिकाम्या जागांचे चार, पर्यायांचे तीन, व्याख्यांचे चार आणि आर्किमिडीज यांच्यावरच्या टिपेचे चार. राजाचा मुकुट आणि न्हाणीघरातली ती प्रसिद्ध धावपळ लिहायला भौतिकशास्त्र लागत नाही. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला सगळे कळलेले आहे, पण व्याख्या तो स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि जन्मगावाशी अडतो. तो नऊ-दहावर थांबेल. गुणतक्ता वाचणारे पालक म्हणतील, हिला विज्ञान येते, याला येत नाही.

इथे एक बारकावा आहे. सप्रमाणता ही पेपराला कायमची चिकटलेली मोहोर नव्हे. गुणांवरून आपण जो निष्कर्ष काढतो त्याची ती कसोटी असते. ‘या मुलांनी पाठ वाचला आहे का’ एवढेच जाणून घ्यायचे असते, तर हाच पेपर, जन्मगावाचा प्रश्न वगळून, बऱ्यापैकी चालला असता. ‘यांना दाब समजला आहे का’ हे त्यावरून सांगू गेलो की तो कोसळतो.

आता प्रश्न दोनमधल्या जडत्वाकडे वळू. हा प्रश्न मला विशेष आवडतो, कारण त्यातली खोट विज्ञान शिक्षकाच्या नजरेला सहसा पडत नाही. ‘ते तिचे ______ होय.’ मराठी घरात वाढलेल्या कोणत्याही मुलाला कान सांगतो, की इथे नपुंसकलिंगी शब्द हवा. घनता ती, दाब तो, ऊर्जा ती. उरले जडत्व. उत्तर बरोबर, गुण एक, आणि जडत्वाचा विचार मनाला शिवलाही नाही. त्याच वर्गात घरी उर्दू, पावरी किंवा तेलुगू बोलणारे मूल बसलेले असेल, तर त्याला ही आयती खूण मिळत नाही. म्हणजे विज्ञानाच्या पेपराने इथे मातृभाषा मोजली. दुरुस्ती अगदी सोपी आहे: ‘या प्रवृत्तीला काय म्हणतात?’ असे विचारायचे, म्हणजे चारही पर्याय व्याकरणात बसतात. बाकीचे दोन्ही पर्यायी प्रश्न वाचतानाही हीच सवय ठेवावी. प्रश्न झाकून नुसते पर्याय वाचले आणि तरीही उत्तर कळले, तर प्रश्नात काहीतरी गळते आहे असे समजावे. बहुतेक वेळा बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांब आणि जास्त काळजीपूर्वक लिहिलेला असतो.

विश्वसनीयतेचा मामला निराळा आहे. तिथे प्रश्न ‘काय मोजले’ हा नसून ‘पुन्हा मोजले तर तेच येईल का’ हा असतो. पेपर उद्या दिला असता तर, किंवा दुसऱ्या शिक्षकांनी तपासला असता तर, या मुलाला हेच गुण पडले असते का?

‘दाब ______ असतो.’ एका मुलाने लिहिले ‘सगळीकडे’, दुसऱ्याने ‘जास्त’, तिसऱ्याने ‘क्षेत्रफळावर अवलंबून’. यातले चूक कोणते? उत्तरसूचीत ‘अदिश राशी’ असे काही लिहिलेले असेलही, पण ते मुलांना कोण सांगणार? एक शिक्षक तिसऱ्याला गुण देतील, दुसरे एकालाही देणार नाहीत. पहिल्या रिकाम्या जागेचे तर वाक्यच उरलेले नाही. ‘न्यूटन यांनी गुरुत्वाकर्षणाचे नियम शोधून काढले’ असे कोणी लिहिले तर काय करायचे, हा वाद स्टाफरूममध्ये चहा संपेपर्यंत चालू शकतो.

प्रश्न तीनमध्ये हीच गोष्ट चार गुणांच्या मापात घडते. समजा एका मुलाने लिहिले: ‘एकाच जोराने दाबले तरी टोकदार वस्तू जास्त रुतते, कारण जोर थोड्या जागेवर पडतो. म्हणून सुई टोचते, बोट टोचत नाही.’ एवढेच. सूत्र नाही, एकक नाही, ‘प्रतिएकक क्षेत्रफळ’ हा शब्द नाही. ज्यांना समज हवी आहे ते शिक्षक चारपैकी तीन देतील. ज्यांना व्याख्या, सूत्र, एकक आणि उदाहरण यांना एकेक गुण द्यायचा आहे, ते उदाहरणाचा एक देऊन पुढे जातील. दोघेही प्रामाणिक आहेत. प्रश्नानेच त्यांना सांगितले नाही, की काय शोधायचे.

तपासणाऱ्यांतली ही तफावत किती असू शकते, ते अमेरिकेत डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली करून पाहिले. इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून त्यांनी त्या माध्यमिक शाळांकडे पाठवल्या. १४२ ठिकाणांहून गुण आले. शंभरपैकी एका उत्तरपत्रिकेला कोणी ६४ दिले होते, कोणी ९८. दुसरीला ५० पासून ९० च्या पुढेपर्यंत. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, चालायचेच. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. गुण २८ पासून ९० च्या वर गेले. गणितात उत्तर एकच असले, तरी पायऱ्यांना किती गुण, अस्वच्छ आकृतीचे किती कापायचे, हे प्रत्येकाने आपापले ठरवले होते.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग इंग्लंडमध्ये फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ साली प्रसिद्ध केला. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या. वर्ष उलटून गेल्यावर त्याच परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, विशेष प्रावीण्य असा जो निर्णय द्यायचा होता, तो २१० पैकी ९२ वेळा बदलला. म्हणजे दुसरा परीक्षक तर सोडाच, माणूस स्वतःशीही जुळत नव्हता.

प्रश्न तीनची दुरुस्ती करताना आधी तो ‘कोणताही एक’ हा पर्याय काढून टाकावा लागतो. ज्याने दाब निवडला त्याची दाबावर एकूण अकरा गुणांची परीक्षा झाली. ज्याने आर्किमिडीज निवडले त्याची सातच गुणांची. दोघांनी वेगवेगळे पेपर दिले आणि आपण त्यांचे गुण एका रकान्यात मांडून क्रमांक लावतो. निबंधात विषयांची निवड देण्याला काही अर्थ असतो. वीस गुणांच्या घटक चाचणीत तिचा उपयोग जो भाग कच्चा आहे तो झाकण्यापुरता होतो.

मग प्रश्न असा लिहिता येईल: ‘चिखलाच्या वाटेवर लोक फळी टाकून तिच्यावरून चालतात. (अ) फळीमुळे चिखलावरचे कोणते दोन घटक बदलतात आणि कोणता बदलत नाही? (आ) फळी नसताना दोन्ही पायांवर उभा असलेला मुलगा एका पायावर उभा राहिला, तर चिखलावरचा दाब किती पट होईल? कारण लिहा.’ उत्तरसूची: क्षेत्रफळ वाढते आणि दाब कमी होतो, एक गुण. वजन तेवढेच राहते, एक गुण. दाब दुप्पट होतो, एक गुण. क्षेत्रफळ निम्मे झाले हे कारण, एक गुण. मुलाने ‘वजन’ऐवजी ‘भार’ किंवा ‘बल’ लिहिले तरी चालेल, हेही सूचीत आधीच लिहून ठेवायचे. आता मघाचे ते दोन शिक्षक फार तर अर्ध्या गुणाने वेगळे पडतील. मात्र एक दक्षता हवी. फळीचे उदाहरण वर्गात आधी चर्चिले गेले असेल, तर हा प्रश्न उपयोजनाचा उरत नाही, पुन्हा पाठांतराचाच होतो. उपयोजनाच्या प्रश्नातला प्रसंग मुलांना नवा असावा लागतो, आणि गाइडवाले तो पुढच्या वर्षी जुना करून टाकतात.

तपासणाऱ्याचा हात सुधारला तरी नशिबाचा भाग राहतोच. वीस गुणांत पाठातले थोडेच विचारता येते, आणि जे विचारले नेमके तेच एखाद्याने आदल्या रात्री वाचलेले असते. उपाय एकच: मोठे आणि मोजके प्रश्न विचारण्यापेक्षा लहान आणि जास्त विचारणे. १९१० साली चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे मांडलेले एक सूत्र यासाठी आजही वापरतात. विश्वसनीयता शून्य ते एक अशी मोजली आणि एखाद्या चाचणीची ती ०.५ निघाली, तर त्याच जातीचे प्रश्न दुप्पट केल्यावर ती ०.६७ होते आणि चौपट केल्यावर ०.८. वाढ होते, पण दर वेळी कमी-कमी. शिवाय वाढवलेले प्रश्न ‘दाब ______ असतो’ अशा जातीचे असतील तर हे सूत्र लागूच पडत नाही.

हा आकडा गुणतक्त्याच्या भाषेत आणला तर काय दिसते? समजा एका चाचणीची विश्वसनीयता ०.७५ आहे, जी शिक्षकाने घरी काढलेल्या पेपरासाठी चांगलीच म्हणावी लागेल. वर्गातल्या गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ४ गुणांचे आहे. तर एकेका मुलाच्या गुणांत साधारण २ गुणांची प्रमाण त्रुटी निघते. १२ मिळालेल्या मुलाची खरी पातळी १० ते १४ च्या दरम्यान कुठेतरी असावी, आणि हेसुद्धा तीनांतल्या दोन वेळाच खरे. अशा स्थितीत १३ वाला पाचवा आणि १२ वाला सहावा, असे क्रमांक फळ्यावर लिहिण्याला आधार नाही.

एक उलटी बाजूही आहे. विश्वसनीयतेचा गुणांक मुलांमुलांतल्या फरकावर उभा असतो. शिक्षकांनी पाठ इतका छान शिकवला की सगळ्यांना १७ ते २० गुण पडले, तर गुणांक घसरतो, आणि त्यात पेपराचा दोष नसतो. त्यामुळे एका वर्गाच्या चाळीसेक मुलांवरून काढलेला आकडा पाहून पेपर फाडून टाकू नये. त्यापेक्षा एकेक प्रश्न तपासणे अधिक उपयोगी पडते, आणि त्यासाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही.

उत्तरपत्रिका गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायच्या. वर्ग ४५ मुलांचा असेल तर वरच्या १५ आणि खालच्या १५ बाजूला काढायच्या. प्रत्येक प्रश्न दोन्ही गठ्ठ्यांत किती जणांनी बरोबर सोडवला ते मोजायचे आणि वजाबाकी करायची. समजा जडत्वाचा प्रश्न वरच्या १५ पैकी १४ जणांना आला आणि खालच्या १५ पैकी १३ जणांना. फरक एकाचा. हा प्रश्न चांगल्या-कच्च्यांत भेद करत नाही. सगळ्यांना खरोखरच जडत्व समजले असेल किंवा व्याकरणाची गळती असेल. कोणते खरे, ते प्रश्न वाचून ठरवावे लागते. आकडा फक्त बोट दाखवतो.

पाचव्या प्रश्नाचे मात्र काही वेगळेच निघू शकते. समजा वरच्या गठ्ठ्यात तो तिघांनी सोडवला आणि खालच्यात पाच जणांनी. फरक उणे दोन. हुशार मुलांना जे येत नाही ते कच्च्यांना कसे आले? उत्तर प्रश्नातच आहे. ठोकळ्याला तीन मापे दिली, पण तो कोणत्या पृष्ठभागावर ठेवला ते सांगितलेच नाही. ज्यांना दाब समजला आहे त्यांना इथे शंका येते, कारण आडव्या आणि उभ्या ठोकळ्याचा दाब वेगळा असतो हेच तर ते शिकले आहेत. काहींनी तिन्ही बाजूंनी गणित केले, काहींनी वेळ गेला म्हणून सोडून दिले, काहींनी उभा ठोकळा धरला, जो उत्तरसूचीत नाही. ज्यांना शंकाच आली नाही, त्यांनी पहिले दोन आकडे उचलले, गुणले आणि उत्तर सूचीशी जुळले. तेवढ्यावर ४.२ गुणिले ९.८ म्हणजे ४१.१६ न्यूटनला ०.०६६६ ने भागण्याची कसरत आहेच. तिथे अडलेल्या मुलाला दाब येत नव्हता की दशांश चिन्ह सरकवता येत नव्हते, हे कळायला मार्ग नाही. वस्तुमान ५ किलो, गुरुत्वत्वरण १० आणि तळ ५० सेमी बाय २० सेमी घेतला असता, तर उत्तर सरळ ५०० पास्कल आले असते आणि चारही गुण दाबालाच मिळाले असते.

पण पेपर होऊन गेला आहे आणि ४५ उत्तरपत्रिका टेबलावर आहेत. अशा वेळी शाळांत नेहमीचा तोडगा असतो: त्या प्रश्नाचे चार गुण सर्वांना देऊन टाका. त्याने कोणाचे नुकसान झाल्यासारखे दिसत नाही, पण प्रश्न सोडून पुढे गेलेल्याला आणि तिन्ही बाजूंनी दाब काढून बसलेल्याला सारखेच गुण पडतात. दुसरा तोडगा, प्रश्नच वगळून सोळापैकी गुण मोजायचे. पण पेपरात दाबाचे उपयोजन तपासणारा हा एकच प्रश्न होता. तो गेला की उरतो तो सोळा गुणांचा पाठांतराचा पेपर. तिसरा मार्ग कटकटीचा आहे. ठोकळ्याचा कोणताही पृष्ठभाग धरलेला असो, तो स्पष्ट लिहून पुढचे गणित बरोबर केलेले असेल तर पूर्ण गुण द्यायचे. भागाकारात चुकलेल्याचा एकच गुण कापायचा आणि सगळे पेपर या नव्या सूचीने पहिल्यापासून पाहायचे. तपासायला एक संध्याकाळ जास्त जाते. शक्य असेल तर दहा-बारा पेपर नाव झाकून दुसऱ्या शिक्षकांना द्यावेत आणि दोघांचे गुण शेजारी मांडून पाहावेत. प्रश्न पाचमध्ये ते जुळले आणि प्रश्न तीनमध्ये जुळले नाहीत, तर पुढे काय तपासायचे हेही कळते.